बायोडेटातली ती साडेतीन वर्षं

एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळणारी बाई. एप्रिल २०१३ मध्ये लागली, २०१७ नंतर जीएसटीचं सगळं काम तिच्याकडेच आलं. जून २०२० मध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. आई आधीच गेलेली, भाऊ परदेशात. तिने नोकरी सोडली. डिसेंबर २०२३ मध्ये वडील गेले आणि आता जानेवारी २०२४ मध्ये ती पुन्हा अर्ज करायला बसली आहे. जुलै २०२० ते डिसेंबर २०२३ या साडेतीन वर्षांपुढे काय लिहायचं?

तिला पहिला सल्ला मिळतो तो तारखा सरकवण्याचा. जुन्या नोकरीची अखेर दीड-दोन वर्षं पुढे ढकलायची, कोण बघतंय! पण बघितलं जातं. पीएफ कापला जात असेल तर युएएन क्रमांकाच्या पासबुकात कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यापर्यंत पैसे भरले हे महिन्यागणिक दिसतं आणि नेमणुकीआधीच्या पडताळणीत अनेक कंपन्या ते मागतात. लहान कारखान्यात पीएफ नसला तरी रिलीव्हिंग लेटर असतं, फॉर्म १६ असतो. सुटीची साडेतीन वर्षं बहुतेक ठिकाणी समजून घेतली जातात. खोटी तारीख सापडली तर मात्र हातात आलेलं नेमणूकपत्रही परत जाऊ शकतं, कारण ज्या माणसाच्या हाती कंपनीचे हिशेब द्यायचे त्याच्याविषयीचा तो निकाल ठरतो.

दुसरा सल्ला ‘फ्रीलान्स कन्सल्टंट’ असं लिहून जागा भरण्याचा. मुलाखतीत पुढचा प्रश्न येतो, ग्राहक कोण होते? मग बिलं, बँकेतल्या नोंदी, आयकराचं विवरणपत्र. काम केलंच नसेल तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडतं.

तिसरी चूक चांगल्या मनाने होते. घरच्या शुश्रूषेला कंपनीची भाषा चढवली जाते. ‘वैद्यकीय व्यवस्थापन, वेळेचं नियोजन, अनेक घटकांशी समन्वय’ वगैरे. वडिलांना कुशीवर वळवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री उठणं, फिजिओथेरपिस्टच्या वेळा, औषधांचा तक्ता, ब्युरोची मावशी न आल्यास सगळं स्वतः करणं, हे काम खरंच मोठं आहे. पण अकाउंटंट निवडणाऱ्याला त्यातून जीएसटीविषयी काहीच कळत नाही आणि ज्याने हे केलंय त्याला त्या शब्दांत ते ओळखूही येत नाही. मला तर ही भाषा त्या कामाचा मान कमी करणारी वाटते. वडिलांचा आजार, त्यांची अवस्था, नळ्या, डायपर हे तपशीलही अर्जात नकोत. ती गोष्ट त्यांची होती. अनोळखी माणसाच्या टेबलावर ती ठेवायचा आपल्याला हक्क नाही.

मग लिहायचं काय? इतर नोकऱ्यांसारखीच तारखेच्या क्रमाने एक नोंद, तिच्या जागी:

‘जुलै २०२० – डिसेंबर २०२३ : वडिलांच्या दीर्घ आजारात पूर्णवेळ शुश्रूषा. ही जबाबदारी आता संपली आहे.’

इंग्रजीत लिहिलं तरी आशय एवढाच. ‘दुर्दैवाने’, ‘नाइलाजाने’, ‘क्षमस्व’ यांपैकी काही नको. दुसरं वाक्य लहान आहे, पण सगळ्यात उपयोगी तेच. वाचणाऱ्याच्या मनात कारणाबद्दल फारशी शंका नसतेच. त्याला जाणून घ्यायचं असतं की ही बाई पुन्हा मध्येच जाईल का आणि तिचं काम अजून ताजं आहे का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात मिळतं.

दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. या बाईने नोकरी सोडली तेव्हा ई-इनव्हॉइस सुरूही झालं नव्हतं. ऑक्टोबर २०२० मध्ये ते ५०० कोटींवरच्या उलाढालीला लागू झालं आणि ती मर्यादा उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली. म्हणजे १२ कोटींचा तिचा जुना कारखानाही ऑक्टोबर २०२२ मध्येच, मर्यादा १० कोटींवर आली तेव्हा, त्यात आला. जानेवारी २०२२ पासून खरेदीवरच्या कराची वजावट जीएसटीआर-२बी मध्ये दिसेल तेवढीच मिळू लागली. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं झालं. हे सगळं तिच्या सुटीतच घडलं. ‘जीएसटीचा सखोल अनुभव’ असं ती लिहील तर ते २०२० पुरतंच खरं असेल. तेव्हा आधी हे बदल शिकायचे, ओळखीच्या सीएकडे बसून महिनाभर ई-इनव्हॉइस प्रत्यक्ष काढायचे आणि मग त्या नोंदीखाली लिहायचं: ‘जानेवारी २०२४ : सीए कार्यालयात ई-इनव्हॉइस आणि २बी ताळमेळाचा सराव.’ त्याच काळात ती आपल्या गृहनिर्माण संस्थेची मानद खजिनदार असेल तर तेही लिहावं, ‘मानद’ या शब्दासकट. लेखापरीक्षण झालेले हिशेब दाखवता येतात, त्यामुळे त्या एका ओळीला वजन असतं.

लिंक्डइनने मार्च २०२२ मध्ये अशा सुटीसाठी वेगळी सोय केली. प्रोफाइलमध्ये Add career break निवडलं की प्रकारांच्या यादीत Caregiving सापडतं. तिथेही वरची दोन वाक्यं पुरतात.

जबाबदारी अजून चालू असेल तर ‘संपली आहे’ लिहिता येत नाही. तेव्हा व्यवस्था सांगावी: ‘दिवसा घरी परिचारिका आहे. सकाळी ९ ते संध्याकाळी ६ पूर्णवेळ उपलब्ध, मुक्कामी दौरे शक्य नाहीत.’ या मर्यादेमुळे एखादी नोकरी हातची जाईल. पण ती नोकरी तिसऱ्या महिन्यात तशीही सुटली असती.

पुरुषांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. बाईची सुटी दिसली की लोक मुलांचं कारण गृहीत धरतात, पुरुषाची दिसली की त्याला काढून टाकलं असावं असं धरतात. टाटा समूहाने २००८ मध्ये सुरू केलेली ‘सेकंड करिअर इंटर्नशिप’ योजनाही स्त्रियांसाठीच होती. म्हणून मुलाने आईची सेवा केली असेल तर कारण स्पष्ट लिहिणं त्याला अधिकच गरजेचं आहे. ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलं तर संशय पक्काच होतो.

स्मरणिकेतला किंवा व्याख्यानाआधी वाचला जाणारा चार ओळींचा परिचय हे वेगळं प्रकरण. तिथे तारखांचा क्रम कुणी मागत नाही, त्यामुळे ती वर्षं गाळली तरी खोटेपणा होत नाही. ‘गेली दहा वर्षं अखंड या क्षेत्रात’ असं लिहिलं तरच होतो. ज्याला उल्लेख करावासा वाटेल त्याने ‘मधली साडेतीन वर्षं वडिलांच्या शुश्रूषेत’ एवढं घालावं.

अर्ज पाठवण्याआधी बायोडेटा, लिंक्डइन आणि कंपनीचा ऑनलाइन फॉर्म यांत महिने तेच आहेत ना, हे पाहून घ्यावं. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीखही तपासावी. अनेकदा जुनी कंपनी ती भरतच नाही आणि नोंदीनुसार आपण अजून तिथेच कामाला असतो. अशा वेळी नोकरी सोडून दोन महिने उलटले असतील तर Manage या मेनूतल्या Mark Exit मधून ती तारीख आपल्यालाच भरता येते.