समृद्धी महामार्ग आणि पेट्रोलचा हिशेब

नागपूर ते मुंबई हा समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे. सपाट भागात मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा असल्याने बहुतेक गाड्या त्याच वेगाच्या आसपास धावतात, आणि गाडीचे नेहमीचे अ‍ॅव्हरेज नेमके इथेच कोसळते.

याला कारण हवा. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 च्या तुलनेत 120 ला तो सव्वादोन पट होतो. टायरचे घर्षण वेगाने फारसे वाढत नसल्याने एकूण खप मात्र इतका वाढत नाही. समजा, एक छोटी पेट्रोल गाडी 80 ला लिटरमागे 20 किलोमीटर, 100 ला साडेसतरा आणि 120 ला 14 किलोमीटर जाते. मग 701 किलोमीटरला अनुक्रमे सुमारे 35, 40 आणि 50 लिटर पेट्रोल लागेल. 100 ऐवजी 120 ने गेल्यास जेमतेम सव्वा तास वाचतो. त्यासाठी 10 लिटर जास्त जळतात. शिवाय 37 लिटरची टाकी 120 च्या वेगाने सव्वापाचशे किलोमीटरच्या आतच रिकामी होते, म्हणजे वाटेत पेट्रोल भरणे अटळ.

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो. त्याचा खप किलोमीटरवर कमी आणि वेळेवर जास्त अवलंबून असतो. वाहत्या हायवेवर तो पाच-सात टक्क्यांत भागतो. टोलनाक्यावर किंवा कोंडीत एसी लावून उभी असलेली गाडी मात्र तासाला साधारण लिटरभर पेट्रोल एक किलोमीटरही न जाता पिते. वेगात काचा उघड्या ठेवून एसी वाचवण्यात अर्थ नाही, कारण आत शिरणारा वारा गाडीला मागे ओढतो.

सामानाच्या वजनाची भीती जरा जास्तच बाळगली जाते. 100 किलो सामान 600 मीटर उंच चढवायला इंजिनला लिटरच्या दहाव्या भागाहूनही कमी पेट्रोल पुरते. सपाटीवर टायरचे घर्षण वाढल्याने थोडे आणखी जाते, एवढेच. खरा फटका टपावरच्या कॅरिअरचा असतो. तिथे बांधलेल्या बॅगा हवा अडवतात आणि शंभरच्या वेगाला खप 10 टक्के किंवा त्याहूनही जास्त वाढवतात. तेच सामान डिकीत मावत असेल तर टप मोकळा ठेवावा.

अंदाजपत्रकासाठी कंपनीचा मायलेजचा आकडा उपयोगाचा नाही. हायवेवर टाकी फुल करून ओडोमीटरचे रीडिंग घ्यावे. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर नोझल आपोआप बंद होईपर्यंत पुन्हा भरावे आणि धावलेले किलोमीटर भरलेल्या लिटरांनी भागावेत. वरच्या गाडीचा हिशेब 100 च्या वेगाने असा होईल: मूळ 40 लिटर, एसीचे अडीच, टपावरच्या सामानाचे पाच, कोंडी व वळसे धरून साडेचार, असे एकूण 52. लिटरला 105 रुपये धरल्यास 5,460 रुपये. परतीच्या वाटेवर टप रिकामा असेल, तर त्यातले सुमारे सव्वापाचशे रुपये वजा करावेत.