सरळ रेघेला शॉक

मॉनिटरवरची रेघ सरळ होते, लांबलचक आवाज सुरू होतो. डॉक्टर दोन्ही हातांत पॅडल्स घेऊन ‘क्लिअर!’ म्हणून ओरडतो, पेशंट पलंगावरून वीतभर उडतो आणि रेघ पुन्हा नाचू लागते. नर्सिंग शिकणाऱ्यांनी मालिका बघायला घेतली, की आधी हाच प्रसंग तपासावा. फार करमणूक होते.

कारण शॉकने बंद पडलेलं हृदय सुरू होत नाही. शॉक लागतो तो हृदय नुसतं थरथरत असताना, म्हणजे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये, किंवा नाडी न लागणाऱ्या व्ही-टॅकमध्ये. तो गोंधळ एका झटक्यात थांबवायचा, म्हणजे हृदयाला स्वतःचा ठेका धरायला वाव मिळतो. सरळ रेघेत थांबवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. तिथे छाती दाबत राहायची, दर 3 ते 5 मिनिटांनी 1 मिलिग्रॅम ॲड्रेनलिन द्यायचं आणि कारण शोधायचं. वॉर्डात रेघ अचानक सरळ झाली, तर नजर आधी पेशंटकडे वळवावी. तो आरामात चहा पीत असेल, तर लीड निसटलेली असते!

नटांचे कोपरही बघा. छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटिमीटर खोल दाबायची, तर हात ताठ लागतात. जिवंत नटावर असं केलं तर त्याच्या बरगड्या मोडतील, म्हणून पडद्यावर कोपर वाकवून हलकेच दाबल्यासारखं करतात. त्यात नटांचा दोष नाही. पण खऱ्या प्रसंगी दाबणारा दोन मिनिटांत दमतो, म्हणून माणूस बदलावा लागतो. कुणीतरी घड्याळाकडे बघून औषधाची आणि शॉकची वेळ लिहीत असतं; ती व्यक्ती बहुधा नर्सच असते. मालिकांत मात्र ती क्वचितच दिसते.

निकालाचीही अशीच गंमत. 1996 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘ईआर’, ‘शिकागो होप’ आणि ‘रेस्क्यू 911’ या मालिकांतले सीपीआरचे प्रसंग मोजले. त्यांतले 75 टक्के पेशंट त्या क्षणी वाचले होते. प्रत्यक्षात हॉस्पिटलमध्ये हृदय थांबल्यावर घरी परतणारे साधारण पाचात एक. म्हणूनच दुसऱ्या दिवशी पेशंटचे नातेवाईक ‘शॉक का नाही दिला?’ असं विचारतात.

बघायचंच तर 2025 मध्ये आलेली ‘द पिट’ घ्या. तिच्या पहिल्या सीझनमध्ये पिट्सबर्गच्या इमर्जन्सी विभागातली एकच ड्यूटी पंधरा भागांत उलगडते, एक भाग म्हणजे एक तास. चार्ज नर्स डेना तिथे शोभेपुरती उभी नसते, अख्खा विभाग तिच्या जोरावर चालतो. ‘हाउस’ मात्र रहस्यकथा म्हणूनच बघा. तिथे डॉक्टरच रक्त काढतात, स्कॅन करतात, पेशंटच्या घरी झडतीही घेतात. नर्सना बहुतेक सुट्टीच असावी.