तीन स्तंभांत मावणारी क्रिया

फ्रेंच गणिती लजांद्र यांनी 1780च्या दशकात चपट्या गोलांच्या गुरुत्वाकर्षणाचा अभ्यास केला. प्रश्न ग्रहांच्या आकाराशी जोडलेला होता. पृथ्वीच घ्या. विषुववृत्तावर तिची त्रिज्या सुमारे 6378 किलोमीटर, तर ध्रुवांकडे 6357. या अभ्यासातून ज्या बहुपदी पुढे आल्या, त्या आज लजांद्र यांच्याच नावाने ओळखल्या जातात. त्यांतल्या पहिल्या तीन शोधायला बारावीचं विकलन आणि एक छोटं मॅट्रिक्स पुरतं.

या बहुपदींमागची क्रिया अशी आहे:

T(p) = (1 − x²)p″ − 2xp′

कुठलीही बहुपदी p घ्यायची, तिचे पहिला आणि दुसरा विकलज काढायचे आणि या सूत्रात भरायचे. हाती एक नवी बहुपदी येते. x दिला तर −2x मिळतो, म्हणजे x स्वतःच परत येतो, फक्त −2 ने गुणून. x² दिला तर मात्र 2 − 6x² मिळतं आणि मूळ रूप टिकत नाही. ज्या शून्येतर बहुपदी आपलं रूप राखून केवळ एका संख्येने गुणून परत येतात, त्या आयगेन-बहुपदी, आणि ती संख्या म्हणजे आयगेनव्हॅल्यू. अशा सगळ्या बहुपदी कशा शोधायच्या?

आधी एक खात्री करून घ्यावी लागते. दुसरा विकलज कोटी दोनने उतरवतो आणि x² ने गुणल्यावर ती दोनने चढते; −2xp′ मध्येही उतरलेली एक कोटी x भरून काढतो. म्हणून कोटी 2 पर्यंतची बहुपदी T मधून गेल्यावरही कोटी 2 च्या आतच राहते. ती बाहेर गेली असती, तर पुढचं चौरस मॅट्रिक्स मांडताच आलं नसतं.

अशा बहुपदी अगणित आहेत, पण प्रत्येक 1, x आणि x² यांच्यापासून बनते. T ही क्रिया रेषीय असल्यामुळे या तिघांचं काय होतं एवढं कळलं की सगळ्यांचं कळतं. T(1) = 0, T(x) = −2x, T(x²) = 2 − 6x². प्रत्येक उत्तराचे सहगुणक उभ्या स्तंभात लिहिले की मॅट्रिक्स तयार होतं:

```
0    0    2
0   -2    0
0    0   -6
```

मुख्य कर्णाच्या खाली सगळी शून्यं आहेत. अशा मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू कर्णावरच लिहिलेल्या असतात: 0, −2 आणि −6. पहिल्या दोघींच्या बहुपदी 1 आणि x. −6 साठी a + bx + cx² अशी बहुपदी धरली, तर मॅट्रिक्सच्या ओळी सांगतात की 2c = −6a आणि −2b = −6b. म्हणून b शून्य आणि c = −3a. a = −1 घेतल्यावर 3x² − 1 मिळते. ताळा करून पाहू: T(3x² − 1) = 6 − 18x², आणि हे −6 गुणिले (3x² − 1) आहे.

हा ताळा टाळू नये. विद्यार्थी अनेकदा सहगुणक स्तंभांऐवजी आडव्या ओळींत भरतात. तरीही कर्ण तोच राहतो, आयगेनव्हॅल्यूही बरोबर येतात, आणि चूक लपून बसते. पण त्या मॅट्रिक्समधून 0 साठी x² + 3 ही बहुपदी निघते. ती T मध्ये घातली की शून्याऐवजी 2 − 6x² मिळतं, आणि चूक लगेच उघडी पडते.

आधार म्हणून 1, x, x² हेच तिघे का घ्यायचे? तशी सक्ती नाही. 1, 1 + x आणि (1 + x)² घेतले तर T(1 + x) = 2 − 2(1 + x) आणि T((1 + x)²) = 8(1 + x) − 6(1 + x)². मॅट्रिक्स बदलतं, पण कर्णावर पुन्हा 0, −2, −6 च येतात. आयगेनव्हॅल्यू क्रियेच्या असतात. आधार ही आपली सोय. आणि 1, x, 3x² − 1 याच तिघींना आधार मानलं, तर कर्णाबाहेर एकही संख्या उरत नाही.

प्रत्येक क्रियेला असा आधार मिळतोच असं नाही. नुसतं विकलन घेतलं, तर आयगेनव्हॅल्यू एकटी 0 आणि तिच्या वाट्याला फक्त अचल बहुपदी. तीन जणांचा आधार त्यातून उभा राहत नाही.

3x² − 1 ची निम्मी बहुपदी ही लजांद्र यांची कोटी 2 ची बहुपदी. त्यात x च्या जागी अक्षांशाचा साइन ठेवला की पृथ्वीच्या चपटेपणामुळे गुरुत्वाकर्षणात होणारी मुख्य दुरुस्ती मांडता येते. तिचा सहगुणक सुमारे 0.00108 आहे. याच छोट्या दुरुस्तीमुळे सूर्यसमकालिक उपग्रहांच्या कक्षेचं प्रतल दिवसाला साधारण एक अंश वळतं, आणि ते उपग्रह एखाद्या ठिकाणावरून दर वेळी जवळपास त्याच स्थानिक वेळेला जातात.