दाराच्या साखळीआडून ओळखपत्र पाहताना

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात. मागच्या पावसाळ्यात भर दुपारी त्यांच्या दारावर गळ्यात निळी दोरी आणि कार्ड अडकवलेला एक माणूस आला. "महावितरणकडून आलोय. मागचं बिल सिस्टिममध्ये अपडेट झालेलं नाही. आत येऊन कनेक्शन बघायचंय, नाहीतर आत्ता लाइट कापावी लागेल," असं तो म्हणाला. काकूंनी साखळी न काढता कार्ड जाळीजवळ धरायला सांगितलं. फोटो त्याचाच होता. नाव, हुद्दा, शिक्का, सही सगळं जागच्या जागी होतं. काकू मला म्हणाल्या, "कार्ड अगदी खरं होतं गं, म्हणूनच मी गोंधळले."

त्यांचा गोंधळ समजण्यासारखा आहे. ओळखपत्र मागून घ्या, नीट तपासा, असं आपल्याला नेहमी सांगितलं जातं, पण नीट तपासायचं म्हणजे काय करायचं हे कुणी सांगत नाही. शिवाय कार्डाकडे कितीही वेळ निरखून पाहिलं तरी ते खरं की खोटं हे सामान्य माणसाला बहुतेक वेळा कळूच शकत नाही. छपाईच्या कोणत्याही दुकानात फोटोसकट प्लास्टिकचं कार्ड काही मिनिटांत निघतं. राज्यातल्या प्रत्येक खात्याचं, महामंडळाचं, महापालिकेचं कार्ड वेगळं असतं. खरं कार्ड कसं दिसतं हेच माहीत नसेल तर खोट्यातली चूक शोधायची कशावरून?

काही ढोबळ गोष्टी मात्र नजरेला सापडतात. राजमुद्रा घ्या. अशोकस्तंभाच्या शीर्षात आपल्याला तीन सिंह दिसतात, खाली मधोमध धर्मचक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा आणि त्याखाली देवनागरीत 'सत्यमेव जयते'. ही अक्षरंही राजमुद्रेचाच भाग आहेत. ती गाळलेली असतील किंवा अशोकस्तंभाऐवजी ढाल, तलवार आणि तराजू एकत्र करून काहीतरी भारदस्त चित्र काढलेलं असेल, तर सावध व्हावं. 'मानवाधिकार', 'भ्रष्टाचारविरोधी', 'गुन्हे अन्वेषण' असे शब्द लाल-निळ्या पट्ट्यांवर छापलेली खासगी संस्थांची कार्डंही असतात. त्यांना घराची झडती घेण्याचा काहीही अधिकार नसतो. कार्डावर ते देणाऱ्या कार्यालयाचं नाव, कर्मचारी क्रमांक आणि मुदतीची तारीख आहे का तेही पाहावं. एवढं पाहून कच्चा भामटा पकडला जातो, पक्का नाही.

पक्का भामटा काय करू शकतो हे मुंबईने १९ मार्च १९८७ रोजी पाहिलं. ऑपेरा हाउसजवळच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीत केंद्रीय अन्वेषण विभागाचे, म्हणजे सीबीआयचे अधिकारी म्हणून एक तुकडी शिरली. तुकडीच्या प्रमुखाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, ताज हॉटेलमध्ये मुलाखती घेऊन २६ तरुण निवडले होते. त्यांना ओळखपत्रं दिली आणि सरावासाठी छापा घालायचा आहे असं सांगितलं. पेढीत दागिन्यांचे 'नमुने' पिशव्यांत घालून सीलबंद झाले. मग तो माणूस त्या पिशव्या घेऊन बाहेर पडला आणि पुन्हा कधीच सापडला नाही. याच घटनेवर पुढे २०१३ मध्ये 'स्पेशल छब्बीस' हा चित्रपट आला.

या घटनेत मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते हे २६ जण. आपण खरोखर सरकारी नोकरीत लागलो आहोत असंच त्यांना वाटत होतं. त्यामुळे त्यांच्या नजरेत चोरटेपणा नव्हता, आवाजात चाचरणं नव्हतं, हात थरथरत नव्हते. समोरच्याचं वागणं बघून खरंखोटं ओळखता येतं, असा आपल्याला जो विश्वास असतो, तो इथे पार निकामी ठरला. पेढीतल्या कुणी सीबीआयच्या कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून तिथे फोन केला असता, तर तो प्रमुख अडचणीत आला असता. कारण ती जागा त्याच्या ताब्यात नव्हती.

सगळा मुद्दा या शेवटच्या वाक्यात आहे. कार्ड भामट्याच्या हातात असतं, त्यावरचा फोन नंबर त्यानेच छापलेला असतो आणि त्या नंबरवर उत्तर द्यायला त्याचाच जोडीदार बसलेला असू शकतो. कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की जी वेबसाइट उघडते तीही त्यानेच बनवलेली असू शकते. म्हणून कार्डावरून फक्त तीन गोष्टी उतरवून घ्यायच्या: नाव, कर्मचारी क्रमांक आणि कार्यालय. दार न उघडता त्या मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं तरी चालतं. मग जो नंबर आधीपासून आपल्या घरात आहे त्यावर फोन लावायचा.

काकूंच्या बाबतीत तो नंबर विजेच्या बिलावर होता. महावितरणसाठी १९१२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. मुंबईत मात्र भागाभागाप्रमाणे बेस्ट, अदानी, टाटा पॉवर अशा वेगवेगळ्या कंपन्या आहेत, म्हणून आपल्या स्वतःच्या बिलावरचा नंबर सगळ्यांत भरवशाचा. फोनवर विचारायचं ते असं: आमचा ग्राहक क्रमांक अमुक, आज आमच्याकडे कुणाला पाठवलं आहे का, कोणत्या कामासाठी आणि या नावाचा माणूस तुमच्याकडे आहे का? नुसतं "हा तुमचाच का?" विचारून भागत नाही, कारण खऱ्या कर्मचाऱ्याचं नाव उचलूनही कुणी येऊ शकतो. कामाची नोंद जुळली पाहिजे.

इथे एक गुंता आहे. मीटरचं रीडिंग घेणारे बरेच जण कंत्राटी एजन्सीचे असतात आणि त्यांच्या गळ्यातलं कार्डही एजन्सीचं असतं. ते साधं दिसतं, म्हणून अगदी खरा माणूस संशयास्पद वाटू शकतो. अशा वेळी कार्डापेक्षा काम काय आहे ते बघणं उपयोगी पडतं. फ्लॅटच्या इमारतीत मीटर बहुधा तळमजल्यावर असतात. रीडिंग घ्यायला कुणालाही स्वयंपाकघरात किंवा कपाटापाशी जायचं कारण नसतं. आणि "आत्ताच लाइट कापतो" ही धमकी मुळातच पोकळ आहे. विद्युत अधिनियम २००३ नुसार थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तपासणीसाठी आत यायला नकार दिला, तरी त्या कारणाने वीज तोडण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती दिल्यापासून चोवीस तास जावे लागतात. म्हणजे फोन करायला दहा मिनिटं घेतली तर आपलं काहीच बिघडत नाही. भामट्याला मात्र नेमकी ती दहा मिनिटं परवडत नाहीत.

दारात पोलीस असल्याचं सांगणारा माणूस असेल तर मन अधिक दबतं, आणि तोतयांना तेच हवं असतं. साध्या वेशातला माणूस आला आणि "तपास चालू आहे, घरातले दागिने दाखवा" म्हणाला, तरी करायचं तेच. आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात किंवा ११२ वर फोन करायचा. ठाण्यात ठाणे अंमलदार असतो. पोलीस बाहेर कामाला निघताना स्टेशन डायरीत नोंद करतात, त्यामुळे अमुक नावाचा अंमलदार अमुक गुन्ह्याच्या तपासाला गेला आहे का, हे तिथे विचारता येतं. बाहेरच्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली तुकडी आली, तरी तिने स्थानिक ठाण्याला कळवण्याची पद्धत आहे. अंगावर गणवेश आहे म्हणून हा फोन टाळू नये. गणवेश शिवून मिळतो.

पोलीस खरे निघाले तरी एक प्रश्न उरतो. ओळखपत्राने माणूस कोण आहे ते कळतं, पण त्याला आज या घरात शिरायचा अधिकार आहे का ते कळत नाही. अधिकार कागदावरून आणि पद्धतीवरून कळतो. झडती घेताना परिसरातल्या दोन प्रतिष्ठित व्यक्ती पंच म्हणून हजर ठेवायच्या, काय जप्त केलं त्याची यादी करायची आणि त्या यादीची प्रत घरमालकाला द्यायची, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण करण्याची तरतूदही त्यात आहे. अटक करताना पोलिसाने आपलं नाव स्पष्ट दिसेल अशी पट्टी लावली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सांगितलं आणि आता तो कायदाच आहे. म्हणून जो माणूस पंच न बोलावता, यादी न करता "दागिने या पिशवीत ठेवा, मी सील करतो" म्हणतो, त्याचं कार्ड कितीही चकचकीत असो, ती पिशवी त्याच्या हातात द्यायची नाही. ऑपेरा हाउसलाही ऐवज सील लावलेल्या पिशवीतूनच गेला होता.

आयकर किंवा जीएसटीची नोटीस हातात घेऊन कुणी आलं, तर त्या कागदावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो. आयकराची नोटीस असेल तर <code>incometax.gov.in</code> हा पत्ता स्वतः टाइप करून तिथे नोटीस पडताळण्याच्या सोयीत तो क्रमांक भरता येतो. कागदावरच्या लिंकवर बोट ठेवू नये. आणि फक्त <code>gov.in</code> असलेलाच पत्ता सरकारी, असंही मानून चालू नये. महावितरणची खरी वेबसाइट <code>mahadiscom.in</code> आहे. पत्ता पडताळायला पुन्हा घरातलं जुनं बिल किंवा आधीचं पत्रच उपयोगी पडतं.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती मला छळते. फोन कधी कधी लागत नाही, लागला तर रांगेत थांबावं लागतं आणि पलीकडच्या माणसाला दर वेळी माहिती असतेच असं नाही. अशा वेळी दार बंदच ठेवायचं. "आत्ता घरात दुसरं कुणी नाही, पत्र ठेवून जा, उद्या कार्यालयात येते," असं सांगायला बिचकायचं काही कारण नाही. शेजाऱ्याला हाक मारायची, तोही जिन्यात येऊन उभा राहतो. कार्डाचा फोटो काढायचा असेल तर तो जाळीतून काढायचा, त्यासाठी दार उघडायचं नाही. सरकारी नोकर असल्याची बतावणी करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. म्हणून असा माणूस पळून गेला तरी वेळ, चेहरा, गाडीचा नंबर लक्षात ठेवून तक्रार जरूर द्यावी. त्याच दिवशी तो शेजारच्या इमारतीत जाऊ शकतो.

काकूंनी त्या दुपारी बिल शोधायला आत पाऊल टाकलं आणि "थांबा हां, ऑफिसला विचारते" एवढंच म्हटलं. परत येऊन पाहतात तर जिन्यात कुणीच नव्हतं. पंधरा दिवसांनी रीडिंग घेणारा खरा मुलगा आला, तेव्हाही त्यांनी फोन लावला. तो म्हणाला, "करा की काकू, मी खाली मीटरपाशी आहे." तो खाली गेला आणि रीडिंग घेऊन पुढच्या इमारतीकडे निघाला. काकूंचा फोन तोवर रांगेतच होता.