चाळीस मिनिटांचे पंधरा

सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार जिल्ह्यातल्या एका शाळेत आम्हा दोघांना बोलावले होते. आमच्यापैकी एक जण शिक्षक आहे, तर दुसरीने बरीच वर्षे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे. विषय होता सिकलसेल. नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहाही तालुक्यांत हा शब्द माहीत नाही असा माणूस क्वचितच भेटेल. भिल्ल आणि पावरा वस्तीत तर हा आजार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आम्ही चाळीस मिनिटांचे भाषण आणि अठ्ठावीस स्लाइड तयार करून नेल्या होत्या.

सभा अकराची होती. पाहुणे घाटातून यायचे होते आणि त्यांना उशीर झाला. पावणेबाराला मुख्याध्यापक आमच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सर, मॅडम, राग मानू नका. पाहुणे येऊन बोलून गेले की तुम्हाला पंधरा मिनिटंच देता येतील. मुलांच्या जेवणाची वेळ झालीय, आणि खेड्यावरच्या बायकांना दुपारची एस. टी. गाठायची आहे."

आमच्या हातात वीस मिनिटे उरली होती. आम्ही शेजारच्या रिकाम्या वर्गात जाऊन बसलो. त्या वीस मिनिटांत काय केले, ते इथे सांगतो. आपल्या घरातही कोणी शिक्षक असते, कोणी बचतगटात बोलते, कोणी मोहल्ल्याच्या बैठकीत उभे राहते, आणि वेळ कापला जाण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो.

पहिली गोष्ट, भरभर बोलायचे नाही असे ठरवले. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका सभेत आम्ही नेमके तेच केले होते. तेव्हाही वेळ निम्मा झाला होता. आम्ही सगळे भाषण घोड्यावर बसून सांगितले, आणि शेवटचा भाग "वेळ नाही" म्हणत दोन वाक्यांत गुंडाळला. सभा सुटल्यावर एक वयस्क खाला जवळ आल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "बेटी, माझ्या पोरीच्या कागदावर वाहक लिहिलंय. म्हणजे आता तिचं लग्न होणारच नाही का?" वाहक व्यक्ती आजारी नसते आणि तिचे लग्न अगदी होऊ शकते, हे वाक्य आमच्या भाषणाच्या शेवटच्या भागात होते. घाईत नेमके तेच राहून गेले होते. त्या मायेला आम्ही तिथेच बसवून समजावले. पण त्या दिवशी असे किती जण न विचारताच घरी गेले असतील, हा विचार आजही बोचतो.

म्हणून या वेळी आधी हिशेब केला. सभेत आम्ही मिनिटाला साधारण एकशे दहा शब्द बोलतो. हे आम्ही घरी घड्याळ लावून मोजले होते. चाळीस मिनिटांचे झाले चार हजार चारशे शब्द. पंधरा मिनिटांत सोळाशे पन्नास बसतात. पण पंधरापैकी दोन मिनिटे माइक नीट करणे, टाळ्या आणि गडबड यांतच जातात. म्हणजे खरे बोलणे तेरा मिनिटांचे, सुमारे चौदाशे शब्दांचे. तीन भागांपैकी दोन भाग टाकायचे होते. एकेक वाक्य काढून हे जमणार नव्हते. आख्खे तुकडेच उचलून बाजूला ठेवावे लागणार होते.

मूळ भाषणाचे सात तुकडे असे होते: स्वागत आणि ओळख ४ मिनिटे, आजाराचा इतिहास ६, रक्तपेशी विळ्यासारखी का होते ८, लक्षणे ६, आई-वडिलांकडून मुलांत आजार कसा येतो ८, तपासणी आणि उपचार ५, सरकारी मोहीम ३.

मग आम्ही एकमेकांना एकच प्रश्न विचारला. इथली एखादी आई आज घरी गेल्यावर काय वेगळे करू शकेल? उत्तर एका वाक्यात आले पाहिजे, अशी अट घातली. ते आले: लग्न ठरवण्याआधी मुलगा आणि मुलगी दोघांचेही रक्त तपासावे. हे वाक्य आम्ही कागदावर सगळ्यात वर लिहिले. मग प्रत्येक तुकड्याला विचारले, तुझ्यावाचून हे वाक्य समजेल का?

इतिहासावाचून समजते. १९१० साली शिकागोच्या डॉक्टर हेरिक यांनी या पेशींचे वर्णन पहिल्यांदा छापले आणि भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरात हा दोष आढळला, हे सांगायला आम्हाला फार आवडते. पण आवडता तुकडाच आधी गेला. सरकारी मोहिमेची माहितीही गेली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २०४७ चे उद्दिष्ट ठेवले आहे, ही गोष्ट अर्ध्या पानाच्या पत्रकात लिहून वाटता येते. हिमोग्लोबिनचा आठ मिनिटांचा पाठ दोन मिनिटांवर आला: निरोगी पेशी गोल आणि मऊ असते, बारीक नसेतून सहज सरकते. सिकलसेलची पेशी प्राणवायू कमी झाला की विळ्यासारखी ताठ होते आणि नसेत अडकते, म्हणून दुखते. एवढे पुरते.

आनुवंशिकतेचा भाग मात्र आम्ही पूर्ण ठेवला. त्याला सगळ्यांत जास्त, पाच मिनिटे दिली. तक्त्याऐवजी पिशवीतून चवळी आणि राजमा काढला. वडिलांकडे एक पांढरी चवळी आणि एक लाल राजमा, आईकडेही तसेच. लाल दाणा म्हणजे दोष. दोघांकडे एकेकच लाल दाणा आहे, म्हणून दोघेही आजारी नाहीत, फक्त वाहक आहेत. बाळाला प्रत्येकाकडून एकेक दाणा मिळतो. चार शक्यता होतात: एकात दोन्ही दाणे पांढरे, दोनांत एक पांढरा एक लाल, एकात दोन्ही लाल. दोन्ही लाल दाणे आले, की बाळ आजारी.

इथे कापण्याचा खरा धोका असतो. वेळ वाचवायला माणूस म्हणतो, "चार मुलांत एक आजारी." मग ऐकणारी बाई समजते, पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन ठीक होणार. हे चूक आहे. प्रत्येक बाळंतपणात दाणे नव्याने उचलले जातात आणि प्रत्येक वेळी धोका पंचवीस टक्केच असतो. म्हणून कोणतेही वाक्य काढताना आम्ही दुसरा प्रश्न विचारतो: हे काढल्याने उरलेल्याचा अर्थ उलटा तर होत नाही ना? होत असेल तर ते वाक्य लांब वाटले तरी राहते. आमच्या भाषणात अशी चार वाक्ये निघाली. प्रत्येक बाळासाठी दाणे नव्याने उचलले जातात. वाहक व्यक्ती आजारी नसते. एक जोडीदार वाहक असेल आणि दुसऱ्यात दोष नसेल तर मूल आजारी होत नाही. आणि केंद्रावर होणारी विद्राव्यता चाचणी फक्त दोष आहे का एवढेच सांगते, वाहक की आजारी हे कळायला पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. ही चार वाक्ये लाल शाईने लिहिली.

त्या सभेत आपल्या समाजातलीही बरीच घरे होती. चुलत, मामे, मावस नात्यात लग्न असेल तर दोघांनाही एकाच आजोबा-आजीकडून दोष आलेला असण्याची शक्यता वाढते, म्हणून तपासणी आणखी गरजेची, हे एक वाक्य त्यांच्यासाठी घातले. भाषण कापताना काही वाक्ये वाढवावीही लागतात, ऐकणारा कोण आहे ते पाहून.

शेवटची आखणी अशी झाली. अर्ध्या मिनिटात सलाम, नमस्कार आणि लगेच मुख्य वाक्य. मग पेशी २ मिनिटे, दाणे ५, तपासणी अडीच, धोक्याची लक्षणे २, आणि शेवटी तेच मुख्य वाक्य पुन्हा, १ मिनिट. बेरीज तेरा. लक्षणांची लांब यादी सोडून फक्त दवाखाना लगेच गाठायला लावणारी ठेवली: ताप, छातीत दुखणे, दम लागणे, एकाएकी पांढरे पडणे, शरीराची एक बाजू लुळी पडणे.

मुख्य वाक्य सुरुवातीलाच ठेवण्यामागे कारण आहे. पंधराची दहा मिनिटे झाली तरी तेवढे सांगून झालेले असते.

अठ्ठावीस स्लाइडपैकी पाच ठेवल्या. बाकीच्या पुसल्या नाहीत. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडवर उजवी कळ दाबून Hide Slide केले, की ती दाखवताना आपोआप टाळली जाते. कुणी प्रश्न विचारला तर तिचा क्रमांक टाइप करून Enter दाबले की ती समोर येते. त्या क्रमांकांची चिठ्ठी आम्ही खिशात ठेवली. लोकांसमोर पंधरा स्लाइड भराभर पळवल्या, तर आपण काहीतरी लपवतोय असे त्यांना वाटते.

कार्डावर मिनिटांऐवजी घड्याळातली वेळ लिहिली, कारण बोलताना वजाबाकी सुचत नाही. बारा वाजून पाच मिनिटांनी उभे राहिलो. साडेबारा मिनिटांवर दाणे संपले पाहिजेत, पंधरावर तपासणी, सतरावर लक्षणे, अठरावर शेवट, असे आकडे समोर होते. पहिल्या रांगेतल्या एका शिक्षिकेला सांगितले, "बाजी, सव्वाबाराला हात वर करा." दाण्यांपाशी एक मिनिट जास्त गेले, कारण मुले हसली आणि पुन्हा दाखवा म्हणाली. ते मिनिट आम्ही पेशीच्या चित्राची आठवण वगळून भरून काढले. "वेळ कमी आहे" हे शब्द एकदाही उच्चारले नाहीत. ऐकणाऱ्याला काय गाळले ते माहीतच नसते, सांगून त्याचे मन कशाला उडवायचे?

प्रत्येक भाषण असे कापता येत नाही. हाताने शिकवायची गोष्ट, जशी रक्ताची पट्टी वाचणे, पंधरा मिनिटांत दाखवली तर अर्धवट शिकलेले हात घरी जातात. तिथे नम्रपणे दुसरी तारीख मागावी. रोज औषध घेणाऱ्या रुग्णांशी उपचाराबद्दल बोलायचे असेल, तर तेही सभेत न उरकता नंतर वेगळे बसून बोलावे. आम्ही तसेच केले.

सभा सुटल्यावर एस. टी.कडे निघालेल्या एका आईने आम्हाला थांबवले. तिने पदराच्या गाठीतून एक राजम्याचा दाणा काढून दाखवला. टेबलावरून तिने तो उचलून ठेवला होता. म्हणाली, "घरी सासूला दाखवते. माझा एक लाल आहे, धाकट्या दिराच्या बायकोचं अजून तपासलं नाही. त्या दोघांनाही घेऊन येते."

आमच्या चाळीस मिनिटांच्या भाषणानंतर इतका नेमका निरोप घेऊन घरी जाताना आम्ही कुणाला पाहिले नव्हते.