शेंगाचटणीच्या कामाचा कागद आम्ही कसा लिहिला

आम्ही वळसंगहून बोलतोय. आमच्या गटाचं शेंगाचटणीचं लहानसं युनिट आहे. एक भट्टी, साल काढायचं यंत्र, एक कांडप आणि आम्ही नऊ जणी. कारखान्यात कामाची ठरलेली पद्धत लिहून भिंतीला लावलेली असते, तिला एसओपी म्हणतात. आमच्याकडेही असा एक कागद आहे. तो कसा झाला ते आज सांगतो.

सुरुवात चांगली नव्हती. सोलापूरच्या एका दुकानदाराने बारा किलो चटणी परत पाठवली. चव कडवट होती. दाणे कोणी निवडले होते, असं विचारलं तर उत्तर आलं, "सगळ्यांनी मिळून." म्हणजे नेमकं कोणीच नाही. एकीला वाटलं दुसरीने पाहिलं, दुसरीला वाटलं भाजताना दिसेलच.

कडवट लागली हे खरं तर नशीब. दाण्याला ओल लागली की बुरशी धरते आणि त्यातल्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. त्या विषाला स्वतःची चव नसते, वास नसतो. ते लिव्हरवर घाला घालतं. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराच्या वर माणसं दगावली, ती याच विषाने. भाजल्याने ते थोडं कमी होतं, पण जात नाही. म्हणून खराब दाणा भट्टीच्या आधीच बाहेर काढावा लागतो, आणि म्हणून सगळ्या कामांतून आम्ही पहिला कागद निवडीचाच केला.

पहिल्या कागदावर आम्ही लिहिलं, "शेंगदाणे नीट निवडून घ्यावेत." छान अक्षरात लिहून लावलाही. आठवड्याने एका नव्या मुलीने निवडलेल्या परातीत हिरवट दाणे सापडले. विचारलं तर म्हणाली, "काकू, मी नीटच निवडले की!" तिचं बरोबर होतं. 'नीट' म्हणजे काय ते आमच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. मग 'नीट', 'व्यवस्थित', 'गरजेनुसार', 'लक्ष द्यावे' हे सगळे शब्द खोडले. त्या जागी डोळ्यांनी दिसेल किंवा तराजूवर मोजता येईल असंच लिहायचं ठरलं. आज भिंतीवर आहे तो कागद असा :

१. स्टोअर सांभाळणारीने पोतं ताडपत्रीवर पूर्ण ओतावं. ढिगाच्या चारही बाजूंनी आणि मधून मिळून एक किलो दाणे घ्यावेत.

२. निवडणारीने त्या एका किलोतले खराब दाणे काढून त्यांचं वजन वहीत लिहावं. ५० ग्रॅमच्या वर भरलं तर पोतं थांबवावं.

३. पोतं पास झालं तर सगळे दाणे निवडावेत. परातीत एका वेळी अर्धा किलो, एकाच थरात. काळा, बुरशी आलेला, सुरकुतलेला, किडका, कोंब आलेला दाणा काढावा. शंका आली तरी काढावा.

४. काढलेला दाणा फक्त लाल झाकणाच्या डब्यात टाकावा.

५. वहीत निवडणारीची सही पाहिल्याशिवाय भाजणारीने दाणे भट्टीत घालू नयेत.

६. भाजून, गार करून, साल काढल्यावर दुसरी निवड करावी. ती पहिल्या निवडीतल्या बाईने करू नये.

७. दिवस संपताना लाल डब्याचं वजन लिहून दाणे खड्ड्यात पुरावेत. दोघींच्या सह्या.

पोतं पूर्ण ओतायचं कारण असं की बुरशी पोत्यात सारखी पसरलेली नसते. ओल लागलेल्या एका कोपऱ्यातल्या मूठभर दाण्यांत बहुतेक सगळं विष असू शकतं आणि वरची मूठ एकदम सुंदर दिसते. दुसऱ्या निवडीचं कारण आम्हाला कामातूनच उमगलं. चांगल्या दाण्याचं साल भाजल्यावर सहज सुटतं. बिघडलेल्या दाण्याचं बऱ्याचदा चिकटून राहतं, आणि सुटलं तरी आतला दाणा इतरांपेक्षा गडद दिसतो. पहिल्या निवडीत सालाखाली लपलेला दाणा इथे सापडतो.

५० ग्रॅम हा आकडा कायद्यातला नाही, आमचा आहे. दहा पोत्यांतले खराब दाणे मोजले तेव्हा चांगल्या मालात ते वीस-तीस ग्रॅम भरत होते. एका पोत्यात एकदम नव्वद भरले. मधे कुठेतरी रेघ मारायची होती. तुमचा माल वेगळा असेल तर तुमची रेघ तुम्हीच मोजून काढा.

सगळ्यात जास्त वाद सातव्या पायरीवर झाला. आधी काढलेले दाणे कोणीतरी घरी नेत असे, शेळीला किंवा कोंबड्यांना. फेकायचे कशाला, असं आमच्यातल्या मावशींचं म्हणणं. पण हे विष जनावराने खाल्लं की त्याचा अंश दुधात उतरतो, आणि दूध पितात आपलीच लेकरं. असे दाणे घाण्यावर दिले तरी विष बरंचसं पेंडीत राहतं आणि पेंड पुन्हा गाईपुढे जाते. मावशी चार दिवस बोलल्या नाहीत. आता खड्ड्यापाशी दुसरी सही त्यांचीच असते.

नेहमीसारखं झालं नाही तर काय, हे कागदाच्या खालच्या भागात आहे. तो लिहायला वरच्या सात पायऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. लाईट गेली आणि खिडकीचा उजेड पुरेना, तर निवड थांबते. मोबाईलच्या बॅटरीवर निवडायचं नाही, कारण त्या उजेडात हिरवट आणि तपकिरी दाणा सारखाच दिसतो. निवडणारी रजेवर असेल तर तिच्या जागी पॅकिंगवाली येते, भाजणारी कधीच नाही. भट्टी तापलेली असताना आपलीच सही आपण मारून टाकण्याचा मोह होतो. पोतं थांबलं तर त्याला लाल दोरी बांधून ते वेगळं ठेवायचं आणि व्यापाऱ्याला परत द्यायचं. दोरी सोडण्याचा अधिकार अध्यक्षांनासुद्धा एकटीने नाही. मोठी ऑर्डर आहे म्हणून पायरी गाळायची का, यावर आम्ही सरळ लिहिलंय : ऑर्डर हा अपवाद नाही.

आमच्यातल्या दोघींना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी कागदाशेजारी चांगल्या आणि खराब दाण्यांचे मोठे रंगीत फोटो लावलेत. पण फोटो असला तरी कागद खरंच चालतो का, ते पाहायचा मार्ग एकच. ज्या बाईने हे काम कधी केलं नाही तिच्या हातात तो द्यायचा, किंवा वाचून दाखवायचा, आणि आपण गप्प बसायचं. ती जिथे थांबून "आता काय करू?" विचारेल तिथे कागदात भोक आहे. आमच्याकडे ती पहिल्यांदा चौथ्या पायरीवर थांबली, कारण लाल झाकणाचा डबा कुठे ठेवतात ते लिहिलंच नव्हतं.

कागदाची हद्दही सांगतो. विष डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे निवडीने ते पुष्कळ कमी होतं, शून्य झालं असं म्हणता येत नाही. ते फक्त प्रयोगशाळेत कळतं, म्हणून अधूनमधून तयार चटणीचा नमुना तपासायला देतो. आणि मिरचीलाही हीच बुरशी लागते. त्या कागदाचा मसुदा सध्या तिसऱ्यांदा खोडून झालाय. देठाजवळची बुरशी मिरची न फोडता कशी ओळखायची, यावर गाडी अडलीय.