अतिकालाची विभागणी, स्प्रेडशीटमधील

कामगाराने आठवड्यात केलेल्या एकूण कामाच्या तासांचे नियमित तास व अतिकाल (ओव्हरटाइम) असे दोन भाग करण्याची आकडेमोड. वेतनपत्रक तयार करताना ती आवश्यक ठरते, कारण दोन्ही भागांना वेतनाचा दर निराळा असतो. संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये ही विभागणी सामान्यतः लघुतम (MIN) व महत्तम (MAX) या दोन फलनांनी करतात. पहिले फलन दिलेल्या संख्यांतील सर्वांत लहान व दुसरे सर्वांत मोठी संख्या देते.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून तिच्यापुढील कामास साधारण दराच्या दुप्पट वेतन ठरविले होते. २०२५ मध्ये या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. पुढील उदाहरणांत रीत स्पष्ट करण्यासाठी जुन्या अधिनियमातील मर्यादा घेतल्या आहेत.

सोमवार ते शनिवार या सहा दिवसांचे तास B2 ते G2 या चौकटींत व त्यांची बेरीज H2 मध्ये आहे, असे मानू. नियमित तास I2 मध्ये व अतिकाल J2 मध्ये पुढीलप्रमाणे मिळतात :

```
H2: =SUM(B2:G2)
I2: =MIN(H2,48)
J2: =MAX(0,H2-48)
```

एखाद्याने अनुक्रमे ९, ८.५, ९, ११, ८ व ८ तास काम केले, तर बेरीज ५३.५ होते. ५३.५ व ४८ यांतील लहान संख्या ४८ हे नियमित तास, ५.५ हा अतिकाल. तासाचा दर १०० रुपये असल्यास वेतन ४,८०० अधिक १,१०० म्हणजे ५,९०० रुपये होते. बेरीज ४२ असती, तर वजाबाकी उणे ६ आली असती; परंतु सूत्रातील शून्य ती मोठी संख्या असल्याने अतिकाल शून्यच राहतो. उत्तरांची बेरीज नेहमी एकूण तासांएवढी भरली पाहिजे, ही या रीतीची पहिली कसोटी होय.

या कसोटीने एक सुप्त दोष उघडकीस येतो. बेरजेच्या चौकटीत सूत्र नसून आकडा हाताने भरला जात असेल आणि गैरहजर कामगाराची ती चौकट रिकामी ठेवली असेल, तर लघुतम फलन रिकाम्या चौकटीकडे दुर्लक्ष करते व ४८ हेच उत्तर देते. न आलेल्या कामगाराच्या नावावर पूर्ण आठवडा चढतो. सूत्राने केलेली बेरीज मात्र शून्य येते, म्हणून H2 मध्ये SUM ठेवणे इष्ट.

दुसरा दोष वेळेच्या नोंदीतून उद्‌भवतो. तास ८:३० अशा रूपात भरल्यास स्प्रेडशीट ते दिवसाचा अंश म्हणून साठवते. त्यामुळे ५३ तास ३० मिनिटे म्हणजे आतून सुमारे २.२३ ही संख्या असते. ती ४८ पेक्षा लहान असल्याने सर्व काम नियमित ठरते व अतिकाल शून्य येतो. येथे दोन्ही उत्तरांची बेरीज जुळते, म्हणून वरील कसोटी निरुपयोगी ठरते. संपूर्ण स्तंभात एकाही कामगाराला अतिकाल नसणे हीच खूण. यावर उपाय म्हणून बेरजेला २४ ने गुणतात :

```
H2: =SUM(B2:G2)*24
```

केवळ साप्ताहिक बेरजेवर आधारलेली विभागणी दैनिक मर्यादा पाहू शकत नाही. समजा, तास दशांशात असून ते ११, ८, ८, ८, ६ व ६ आहेत. बेरीज ४७ असल्याने वरील सूत्र अतिकाल शून्य दाखविते. वस्तुतः सोमवारी ९ तासांपुढे २ तास काम झालेले असते. त्यांच्या दुप्पट वेतनातील जादा २०० रुपये कामगाराला मिळत नाहीत. म्हणून दिवसागणिक जादा तासांची बेरीज K2 मध्ये वेगळी काढून पुढील सूत्रे योजावी :

```
K2: =SUMPRODUCT((B2:G2>9)*(B2:G2-9))
J2: =MAX(0,K2,H2-48)
I2: =H2-J2
```

या आठवड्यात अतिकाल २ व नियमित तास ४५ येतात. पहिल्या उदाहरणात दैनिक जादा तास २ व साप्ताहिक ५.५ आहेत, त्यांची बेरीज न करता मोठी संख्या घेतल्याने तोच तास दोनदा मोजला जात नाही.

मर्यादा कायद्याने ठरत असल्याने ४८ व ९ हे आकडे सूत्रांत न लिहिता स्वतंत्र चौकटींत ठेवावे. कायदा बदलल्यास त्या दोन चौकटी बदलून सर्व ओळींची विभागणी नव्याने होते. मागील आठवड्यांची पत्रके मात्र वेगळी जपावी. अन्यथा पूर्वी दिलेल्या वेतनाचे आकडेही नव्या मर्यादेने बदलतील.